विडीने पोट साफ होतं, कफ सुटतो, थंडी पळते... यातलं खरं किती?

बागवान

आमचं गाव निफाडजवळ. डिसेंबर-जानेवारीत इथली थंडी पेपरात येते, ती आम्ही अंगावर घेतो. द्राक्षाच्या बागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, ठिबक सोडावं लागतं. हे काम अजून आमचे अण्णाच करतात. वय ६३. विडी विसाव्या वर्षापासून. दिवसाला एक बंडल, हंगामात जास्त.

मागच्या महिन्यात खोकला वाढला म्हणून मी विडीचा विषय काढला, तर त्यांनी तीन मुद्दे टाकले. एक, सकाळची विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही आणि जेवणानंतरची ओढली नाही तर अन्न जिरत नाही. दोन, विडीने छातीतला कफ सुटतो, न ओढल्यास दिवसभर घरघर राहते. तीन, पहाटे बागेत विडीशिवाय हातपाय चालत नाहीत, ती अंगात ऊब धरते.

मी म्हटलं, हे सगळं खोटं आहे. ते म्हणाले, "माझ्या अंगात काय होतं ते तुला मोबाइलमध्ये दिसतं का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी डोळ्यांनी पाहतो ना, विडी ओढतात, खोकतात, बेडका पडतो आणि मग खरंच त्यांचा आवाज मोकळा होतो. तर 'विडी वाईट' एवढंच सांगू नका, ते बंडलावर फोटोसकट छापलेलं आहे. या तीन गोष्टींत नेमकं काय घडतं ते कुणी सांगेल का?

तिसरा_घोट

अण्णांना माझा नमस्कार सांगा. सकाळचा चहा, सिगरेट आणि पेपर ही त्रिमूर्ती आहे, यातलं एक जरी नसलं तरी दरवाजा आतून बंद करून काही उपयोग होत नाही. स्वानुभव. तीस वर्षं ओढतोय, ऑक्सिमीटर ९८ दाखवतो.

वैद्यवाडा

सरसकट खोटं म्हणू नका. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात धूमपान सविस्तर सांगितलं आहे. ते कधी करावं याचे आठ काळ दिलेत, त्यात जेवणानंतरचा काळही आहे. वात आणि कफाच्या तक्रारींसाठीच ते सांगितलं आहे. म्हणजे अण्णांचे दोन मुद्दे तर थेट ग्रंथात आहेत. आपले पूर्वज उगाच काही करत नव्हते.

इतिहासाचा_किडा

वैद्यवाडा, अध्याय बरोबर आहे, पण त्या धुरात तंबाखू कुठाय? चरकाच्या वर्तीत चंदन, प्रियंगु, हरेणुका असली द्रव्यं आहेत. ती वाटून बोरूवर लेप द्यायचा, वाळवायचा, मग आतला बोरू काढून घ्यायचा, तूप लावायचं आणि नळीतून ओढायचं. आणि धूर नाकातून सोडू नये, तोंडानेच सोडावा, असं बजावलंय. शिवाय कुणी ओढू नये याची लांबलचक यादी आहे, गरोदर बाईपासून दारू प्यायलेल्यापर्यंत.

तंबाखू आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी. अकबराच्या दरबारात ती पोचली १६०४ च्या सुमारास, असद बेग नावाच्या सरदाराने विजापूरहून नेली. तेव्हासुद्धा दरबारच्या हकिमाने हरकत घेतली होती की आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, बादशहाने ओढू नये. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या हकिमाला जे कळत होतं ते आपण आज ग्रंथाच्या नावावर विसरतोय.

वैद्यवाडा

तंबाखू नव्हती हे मान्य. मी धूमपानाच्या तत्त्वाबद्दल बोलत होतो. विडीचं समर्थन केलेलं नाही.

कोकणकडा

आमच्याकडे बाळाला ओव्याची धुरी देतात, माझी सासूबाई अजून शेगडीवर ओवा आणि लसणीची सालं टाकते. त्याने सर्दी मोकळी होते असं म्हणतात. ती बंद करायची का? नातू पाच महिन्यांचा आहे.

बागवान

ताई, माझा प्रश्न विडीचा होता, पण कुणाला माहीत असेल तर सांगा.

फुप्फुसवाला

छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे, जिल्ह्याच्या गावी. कोकणकडाताईंचं आधी उरकतो. बंद खोलीत बाळाला कुठलाच धूर नको, ओव्याचाही नको. धुराने बाळाच्या बारीक नळ्या सुजतात. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात ते घाला.

आता अण्णा. मला त्यांचा राग येत नाही, कारण ते जे सांगतात ते त्यांना खरंच जाणवतं. फक्त कारण वेगळं आहे. मी कफापासून सुरू करतो, तो माझ्या रोजच्या धंद्यातला.

श्वासनळीला आतून मखमलीसारखी बारीक लव असते. ही लव सारखी हलत असते आणि धूळ, जंतू चिकटलेला कफाचा पातळ थर वर घशाकडे ढकलत असते. आपण तो नकळत गिळतो. धुराने ही लव आधी मंदावते, वर्षानुवर्षांनी झडते. दुसरीकडे कफ तयार करणाऱ्या पेशी धुराच्या त्रासाने वाढतात. म्हणजे कचरा वाढला आणि झाडूवाला आजारी पडला. मग कचरा बाहेर काढायला एकच उपाय उरतो, खोकला.

आता रात्रीचं बघा. अण्णा सहा-सात तास विडी ओढत नाहीत. तेवढ्यात उरलीसुरली लव थोडी जागी होते, कफ वर सरकवते, तो मोठ्या नळ्यांत येऊन बसतो. उठल्यावर घरघर त्याचीच. मग पहिली विडी. धुराने घसा आणि नळ्या चिडतात, ढास लागते, बेडका पडतो. मोकळं वाटतं ते खरं. पण तो कफ कालच्या विड्यांनी केलेला असतो, आणि आजच्या विडीने उद्याची सोय झालेली असते.

यावरून घरी ओळखायची खूण सांगतो. विडी न ओढणाऱ्या, चुलीच्या धुरात न बसणाऱ्या तुमच्या गावातल्या ६३ वर्षांच्या माणसाला विचारा, रोज सकाळी बेडका पडतो का? नाही पडत. वर्षातले तीन-तीन महिने, लागोपाठ दोन वर्षं असा कफ पडत असेल तर आम्ही त्याला आजारच म्हणतो.

सांगलीची_सून

डॉक्टर, पण माझ्या सासऱ्यांनी विडी सोडली तेव्हा खोकला उलट वाढला होता. तीन आठवडे नुसते खोकत होते. शेजारचे म्हणाले, बघा, सोडल्याने छातीत कफ साचला. आणि त्यांनी परत सुरू केली.

फुप्फुसवाला

इथेच पुष्कळ लोक परत फिरतात. सोडल्यावर लव पुन्हा हलायला लागते, साचलेलं वर आणते, म्हणून काही आठवडे काहींना खोकला आणि कफ जास्त होतो. झाडूवाला रजेवरून परत आला की पहिले काही दिवस धूळ जास्तच उडते. पण ओळख ठेवा: हा कफ हळूहळू कमी होत जातो. रक्त पडलं, वजन उतरलं, ताप येत राहिला तर 'सोडल्यामुळे होतंय' असं धरून बसू नका. आणि दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे बेडक्याची क्षयासाठी तपासणी, सरकारी दवाखान्यात फुकट होते. अण्णांचा खोकला महिनाभर वाढलेला आहे ना? मग हे आधी करा, बाकी चर्चा नंतर.

तोवर कफ काढायला विडीऐवजी हे करून पाहायला सांगा. कोमट पाणी प्यायचं, सरळ बसायचं, हळू खोल श्वास घ्यायचा, दोन-तीन सेकंद धरायचा आणि तोंड उघडं ठेवून 'हा' करून जोरात सोडायचा. आरशावर वाफ धरताना सोडतो तसा, पण जोर लावून. असं दोनदा, मग एकदा खोकायचं. मध्ये थोडं थांबून पुन्हा. चिवट कफ असेल तर तीन-चार फेऱ्या लागतात.

मामाचा_भाचा

माझे आजोबा दम्यावर धोतऱ्याची वाळलेली पानं चिलमीत घालून ओढायचे. त्यांना हमखास उतार पडायचा. हे मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे धुराने छाती मोकळी होत नाही हे मला पटत नाही.

फुप्फुसवाला

तुमचे आजोबा बरोबर होते. धोतऱ्यातलं द्रव्य आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत मद्रासहून इंग्रज डॉक्टरांनी विलायतेला नेली आणि पुढे तिकडच्या औषधाच्या दुकानांत दम्याच्या सिगरेटी म्हणून धोतऱ्याच्या जातीची पानं विकली जायची. आज मी पंपातून देतो त्यातली काही औषधं याच द्रव्याच्या घराण्यातली आहेत.

पण दोन गोष्टी. उतार पानातल्या द्रव्याने पडायचा, धूर नुसता वाहन. तंबाखूत ते द्रव्य नाही. आणि धोतरा कफ सोडवत नाही, उलट सुकवतो. तोंडाला कोरड पडते ती त्यामुळेच. घरी कुणी करू नका. एका झाडाच्या पानात किती विष आणि दुसऱ्याच्यात किती, हे कळत नाही. बाहुल्या मोठ्या होऊन माणूस बरळायला लागतो, म्हाताऱ्यांची लघवी अडते. अशी माणसं आणलेली मी पाहिली आहेत.

आणि तिसरा_घोट, तुमच्या ९८ बद्दल. ते यंत्र बोटातून उजेड पाठवून रक्ताचा लालपणा बघतं. विडी-सिगरेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटला तरी रक्त लालच दिसतं, यंत्र त्यालाही ऑक्सिजनच मोजतं. फुंकून करायची तपासणी करा, स्पायरोमेट्री म्हणतात. दम लागायच्या आधी ती सांगते.

तिसरा_घोट

डॉक्टर, तुम्ही माझा एकमेव आकडा काढून घेतलात. पण त्रिमूर्तीवर अजून बोलला नाहीत.

फुप्फुसवाला

पोट माझा विषय नाही, तरी मला कळतं तेवढं सांगतो. निकोटीनने मोठ्या आतड्याची हालचाल वाढू शकते, त्यामुळे 'विडीने पोट साफ होतं' यात थोडं तथ्य असू शकतं. किती, यावर मात्र एकमत नाही. कारण सकाळी उठणं, उभं राहणं, पोटात गरम काही जाणं, यांनी आतडं तसंही जागं होतं. त्यात तुमच्याकडे चहा आणि विडी एकत्र असतात, मग श्रेय कुणाला द्यायचं? आणि तीस-चाळीस वर्षं एकाच क्रमाने केलं की शरीर त्या क्रमाला शिकतं. विडी पेटवायला काडी ओढली की पोटात हालचाल, असं सांगणारे पेशंट आहेत माझ्याकडे. काडीत तर निकोटीन नसतं!

जेवणानंतरच्या विडीत मात्र मला काहीही तथ्य दिसत नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते, ती निकोटीनने ढिली पडते आणि आंबट वर येतं. आंबट धुऊन टाकणारी लाळ कमी होते. जठराचा व्रण असेल तर तो भरायला वेळ लागतो. मग जेवणानंतर बरं का वाटतं? निकोटीन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं. जेवायला बसेपर्यंत तलफ आलेली असते. ती भागल्यावर जे निवांत वाटतं त्याला आपण 'अन्न बसलं' म्हणतो. अण्णांच्या उशाला अॅसिडिटीची गुलाबी बाटली आहे का, ते पाहा बरं.

बागवान

आहे. उशाला नाही, देव्हाऱ्याच्या फळीवर.

चुलीवरची

मी बाई असून ओढायचे, लग्नाआधी ऊसतोडीला आईबरोबर जायची तेव्हापासून. कुणी हसू नका. चार वर्षांपूर्वी सोडली आणि पहिला महिना पोट दगडासारखं. चार-चार दिवस होत नव्हतं. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही की असं होतं. मी समजत होते की विडीशिवाय माझं शरीर चालणारच नाही. मग नणंदेने रात्री इसबगोल आणि सकाळी दोन तांबे पाणी सुरू केलं. महिना-दीड महिन्यात आपोआप मार्गी लागलं. आता इसबगोल पण नाही. आधी कळलं असतं तर दोनदा परत सुरू केली नसती.

सांगलीची_सून

यावरून विचारते. माझ्या दिराने सिगरेट सोडल्यावर काही महिन्यांनी शौचातून रक्त यायला लागलं. दुर्बिणीने तपासून आतड्याला सूज आणि व्रण आहेत म्हणाले, कोलायटिस. आता घरातले म्हणतात, सोडलीस म्हणून झालं, परत ओढ. हे किती खरं?

फुप्फुसवाला

अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल तर घरातल्यांचं निरीक्षण अगदीच हवेतलं नाही. हा आजार ओढणाऱ्यांत कमी दिसतो आणि सोडल्यावर काहींत डोकं वर काढतो. का, ते पूर्ण उलगडलेलं नाही. पण त्याच्याच भावकीतल्या क्रोन्स या आजारात तंबाखूने हाल होतात. दिराला नेमका कोणता हे पोटाच्या डॉक्टरांकडून पक्कं करा. कोलायटिसला चांगली औषधं आहेत, त्यासाठी हृदय आणि फुप्फुस गहाण टाकायला मी तरी सांगणार नाही.

मामाचा_भाचा

उबेबद्दल मी सांगतो, ते आमच्या घरातलं आहे. माझे थोरले मामा रात्रपाळीला उघड्यावर राखण करायचे, विडी तोंडात सतत. चाळिशीच्या आत चालताना पोटरी भरून यायला लागली, दोन मिनिटं थांबलं की जायची. मग थंडीत पायाच्या अंगठ्याजवळचं बोट पांढरं, निळं व्हायला लागलं. ते म्हणायचे, गार पडलंय, आणि ऊब यावी म्हणून आणखी विडी. बोटाला छोटी जखम झाली ती भरेना, रात्री पाय खाली सोडून बसायचे, तेव्हाच जरा बरं वाटायचं. शेवटी ते बोट काळं पडलं आणि काढावं लागलं. सर्जन म्हणाले, रक्तवाहिन्या बंद पडतायत, विडी आजपासून शून्य. मामांनी दिवसाला एकावर आणली. दोन वर्षांनी निम्मं पाऊल गेलं. त्यानंतर खरंच सोडली आणि तिथेच थांबलं, आज पंचावन्न वर्षांचे आहेत.

फुप्फुसवाला

याला बर्जरचा आजार म्हणतात, आपल्याकडे तरुण विडी ओढणाऱ्या पुरुषांत दिसतो. एका विडीनेही तो चालू राहतो, हे मामांनी दुर्दैवाने सिद्ध केलं. अण्णांच्या वयात तो नव्याने होणं विरळ, पण त्या वयात नळ्यांत चरबी साचून तोच प्रकार होतो. पोटरी भरते का ते त्यांना विचारा.

उबेचं गणित असं, की निकोटीनने अंगात अॅड्रिनलिन सुटतं, नाडी वाढते आणि हातापायाच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. बोटाला गरम रक्त कमी पोचतं, बोट गार पडतं. जाणवते ती ऊब म्हणजे तोंडातला गरम धूर, ओंजळीतला निखारा, धडधड आणि आलेली तरतरी. म्हणजे थंडी कमी होत नाही, थंडीची कुरकुर कमी होते. पहाटे ओल्या हाताने ठिबकच्या नळ्या हाताळणाऱ्याला हे उलट महागात पडतं.

हे अण्णांना दाखवता येईल. करोनात घेतलेला कपाळाला धरायचा थर्मामीटर आहे का घरी? त्याला शरीराऐवजी वस्तूच्या मोडवर टाका, नाहीतर गार बोटाला तो नुसता Lo दाखवेल. अण्णांना खोलीत वीस मिनिटं शांत बसवा, शेकोटी नाही, चहा नाही, तासभर आधी विडी नाही. ज्या हातात विडी धरत नाहीत त्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक मोजा, तीनदा, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून. मग बाहेर एक विडी ओढू द्या... नाही, बाहेर नको, गारठ्याने बोट गार झालं असं म्हणतील. खिडकी उघडून तिथेच. पाच, दहा आणि पंचवीस मिनिटांनी मोजा. माझ्या सांगण्यावरून विडी ओढवली असं मात्र कुणाला सांगू नका, तसंही ते ओढणारच आहेत.

वैद्यवाडा

खिडकी उघडली तरी गारठा येणारच. आधी दहा मिनिटं खिडकी उघडी ठेवून विडीशिवाय मोजा, मग विडीने. नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही.

फुप्फुसवाला

बरोबर. मानलं.

बागवान

आठ दिवस उशिरा लिहितोय, माफ करा. बेडका तपासायला दिला, क्षय नाही निघाला. फुंकायच्या तपासणीत मात्र नळ्या आवळलेल्या निघाल्या, पंप सुरू झालाय. पोटरी भरत नाही म्हणतात.

पोटाचा प्रयोग: सकाळी आधी गरम पाणी आणि चहा, विडी शौचानंतर. सात दिवसांत चार दिवस विडीआधी झालं, तीन दिवस नाही झालं. अण्णा तीन दिवसांचंच सांगत फिरतात.

'हा' करून कफ काढणं त्यांना जमलं, तिसऱ्या फेरीला पडला. पण लगेच विडी ओढलीच, "सवय म्हणून" म्हणाले. कफासाठी म्हणाले नाहीत, हे मी नोंदवून ठेवलंय.

थर्मामीटर: वैद्यवाडा म्हणाले तसंच केलं. उघड्या खिडकीपाशी दहा मिनिटं बसून ३०.६, विडीशिवाय आणखी दहा मिनिटांनी ३०.३. मग विडी. पाच मिनिटांनी २८.४, दहा मिनिटांनी २७.५, पंचवीस मिनिटांनी २९.१. अण्णांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, म्हणाले, बिघडलंय. मग आईला बोलावून तिचं बोट मोजलं. ३१.८. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ३१.७.

"तिचा हात पहिल्यापासूनच गरम आहे," म्हणाले आणि बागेत गेले. आज पहाटे आईचे लोकरीचे हातमोजे सापडत नाहीयेत.